टार्टारिक आम्लाचं वजन १३३ कसं निघालं? गोठणबिंदूवरून विचरणाचं प्रमाण काढताना

चिंचेची चव ज्या आम्लामुळे आंबट लागते त्या टार्टारिक आम्लाचं मोलर वस्तुमान १५०.०९ आहे. बाटलीच्या लेबलावर तेच छापलेलं असतं. आमच्या लातूरच्या प्रयोगशाळेत मागच्या उन्हाळ्यात हेच आम्ल पाण्यात विरघळवून गोठणबिंदू मोजला आणि त्यावरून वजन काढलं, तर आलं १३२.९. वर्गातल्या निम्म्या वह्यांमध्ये त्यापुढे "प्रयोग चुकला" असं लिहिलेलं होतं. प्रयोग चुकला नव्हता. गायब झालेल्या त्या १७ ग्रॅममध्येच सगळी माहिती होती.

हा लेख त्या १७ ग्रॅमचा हिशोब आहे. बारावीला हे प्रकरण सूत्रात आकडे टाकून संपतं. पण थर्मामीटर हातात घेतल्यावर त्या सूत्राचं खरं रूप दिसतं, म्हणून आधी प्रयोग, मग गणित.

आधी डोकी मोजा

गोठणबिंदू किती खाली जाईल हे पाण्यात काय विरघळलं यावर ठरत नाही, किती कण विरघळले यावर ठरतं. एक किलो पाण्यात एक मोल कण असतील तर गोठणबिंदू १.८६ अंशांनी खाली यायला हवा. पाण्यासाठी Kf म्हणतात तो हाच आकडा. युरिया असो की साखर, पातळ द्रावणात हिशोब तोच.

आता आम्लाचे १०० रेणू पाण्यात टाकले आणि त्यातले १० तुटले असं धरा. अखंड राहिले ९०, तुटलेल्या प्रत्येकाचे दोन आयन झाले म्हणजे २०. एकूण डोकी ११०. पाण्याला ११० कण दिसतात, आपण मात्र वजनावरून १०० समजून बसलेलो असतो. कण जास्त म्हणून गोठणबिंदू जास्त खाली, आणि सूत्रात घट खाली भागाकारात असल्याने वजन कमी. एवढंच आहे ते "असामान्य" मोलर वस्तुमान. रेणू हलका झालेला नाही, आपली मोजणी कमी पडली आहे.

प्रत्यक्ष कण भागिले अपेक्षित कण, या गुणोत्तराला व्हॅन्ट हॉफ गुणक म्हणतात आणि i लिहितात. वरच्या उदाहरणात तो १.१०. विचरणाचं प्रमाण, म्हणजे वर्गात आपण ज्याला डिसोसिएशनची डिग्री म्हणतो ते α, इथे ०.१०. एका रेणूचे n तुकडे होत असतील तर:

```
i = 1 + (n - 1)α
α = (i - 1)/(n - 1)
```

टार्टारिक आम्लाला दोन हायड्रोजन सोडता येतात, मग n तीन का नाही, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. उत्तर असं की दुसरा हायड्रोजन फार घट्ट धरलेला असतो. ०.१ मोलॅलिटीच्या द्रावणात पहिल्या टप्प्यात शंभरातले साधारण दहा रेणू तुटतात, तर दुसऱ्या टप्प्यात दहा हजारातले चार-पाच. आपल्या थर्मामीटरला तो दुसरा टप्पा दिसतच नाही. म्हणून n = 2.

प्रयोगाची मांडणी

टार्टारिक आम्ल मी मुद्दाम निवडलं. मोनोक्लोरोॲसिटिक आम्लाने आकडे थोडे बरे येतात, पण ते कातडीला भाजतं आणि विषारीही आहे. अकरावी-बारावीच्या पोरांच्या हातात ते देण्याची गरज नाही. शिवाय हे आम्ल स्फटिकजलाशिवाय मिळतं. सायट्रिक आम्लाच्या बाबतीत बाटलीत स्फटिकजल असलेलं आहे की नसलेलं हे पाहायचं राहिलं, की १९२ च्या जागी २१० होतात आणि प्रयोग सुरू होण्याआधीच चुकतो.

साहित्य साधं आहे. एक रुंद परीक्षानळी, ती सैल बसेल अशी दुसरी मोठी नळी, तारेचा गोल वाकवलेला ढवळणा, ०.०१ अंशापर्यंत दाखवणारा डिजिटल थर्मामीटर, बर्फ आणि जाडं मीठ. आतली आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये हवेचा थर राहतो. तो नसेल तर नळीच्या भिंतीला आधी बर्फ धरतं आणि मधलं द्रावण अजून थंडच व्हायचं असतं.

बर्फ आम्ही रसवंतीला जातो तीच लादी आणतो. एप्रिलमध्ये लातूरला पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे लादी कारखान्यातून कॉलेजात येईपर्यंत कडा गोल झालेल्या असतात. प्रयोगशाळेतले मामा दर पाच मिनिटांनी सांगतात, "सर, बर्फाचं पाणी व्हलालंय बघा." म्हणून थर्माकोलच्या खोक्यात सकाळच्या पहिल्या तासालाच प्रयोग उरका. एक गोष्ट लक्षात ठेवा: लादीचा बर्फ बाहेरच्या भांड्यापुरता, नळीत त्याचा कण जाता कामा नये.

किलोभर कुटलेल्या बर्फात दोन मुठी मीठ घालून ढवळा आणि शीतमिश्रणाचं तापमान उणे ४ ते उणे ५ च्या आसपास आणा. मीठ वाढवत गेलात तर ते उणे १५ च्याही खाली जाईल, पण ते आपल्याला नको आहे. फार थंड मिश्रणात द्रावण गोठणबिंदू ओलांडून खोल खाली जातं आणि त्याचे तोटे पुढे येतीलच.

आता द्रावण. १०० ग्रॅम पाणी तोलून घ्या, मापाच्या नळकांड्याने मोजू नका. त्यात १.५० ग्रॅम टार्टारिक आम्ल पूर्ण विरघळवा. मोलॅलिटी द्रावकाच्या किलोग्रॅमवर असते, म्हणून पाणी १०० ग्रॅम, द्रावण १०१.५ ग्रॅम. द्रावण मिळून १०० ग्रॅम केलं तर उत्तरात दीड टक्क्याची गडबड होते. दीड टक्का किरकोळ वाटतो, पण इथे आपण शोधतोय तेच मुळी दहा-बारा टक्के आहे.

पाणी डिस्टिल्ड हवं. हे दुसरीकडे कुणी सांगितलं नाही तरी चालेल, पण आमच्याकडे सांगावंच लागतं, कारण नळाला बोअरचं पाणी येतं. एका लिटरमध्ये एक ग्रॅम क्षार असतील आणि ते साध्या मिठासारखे धरले, तर त्या पाण्याचा गोठणबिंदू आधीच सुमारे ०.०६ अंशाने खाली गेलेला असतो. आपण मोजणार आहोत ती सगळी घटच ०.२ च्या आसपास आहे.

थर्मामीटर काय बोलतो

प्रथम नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा गोठणबिंदू घ्या. आमच्या थर्मामीटरने शून्याऐवजी −०.०३ दाखवलं. दुरुस्त करायला बसू नका, तो आकडा लिहून ठेवा. आपल्याला दोन तापमानांतला फरक हवा आहे आणि थर्मामीटरची ही खोड दोन्हीकडे सारखीच असल्याने वजाबाकीत निघून जाते. यासाठी दोन्ही वेळी थर्मामीटर तोच हवा.

मग नळीत पंचवीसेक मिलिलिटर द्रावण घ्या, एकसारख्या लयीत ढवळा आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला नोंद करा. आमच्या एका गटाच्या वहीतल्या नोंदी अशा होत्या:

```
0:00   1.62
0:30   0.95
1:00   0.33
1:30  -0.24
2:00  -0.78
2:30  -1.27
3:00  -0.31
3:30  -0.25
6:30  -0.26
9:30  -0.27
```

अडीच मिनिटाला द्रावण −१.२७ पर्यंत गेलं तरी पातळच होतं. याला अतिशीतन म्हणतात. मग पहिला स्फटिक धरला आणि बर्फ होताना सुटलेल्या उष्णतेने तापमान झटक्यात वर आलं. हा क्षण पोरांना फार आवडतो: नळीतलं पाणी धुरकट होतं आणि आकडा वर उडी मारतो.

गोठणबिंदू कोणता? बहुतेक जण उडीनंतरचा सर्वांत वरचा आकडा, −०.२५, उचलतात. शुद्ध पाण्यासाठी ते चालतं, कारण तिथे रेषा आडवी राहते. द्रावणात ती आडवी राहत नाही, हळूहळू उतरते. गोठतं ते फक्त पाणी. आम्ल उरलेल्या द्रवात साठत जातं, द्रावण घट्ट होत जातं आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. म्हणजे −०.२५ हा आपण बनवलेल्या द्रावणाचा नाही, थोडं पाणी गमावलेल्या द्रावणाचा गोठणबिंदू आहे.

म्हणून आलेख काढा. उडीनंतरची उतरती रेषा पट्टीने मागे वाढवा आणि ती सुरुवातीच्या थंड होणाऱ्या रेषेला जिथे छेदते तो बिंदू वाचा. आमच्या नोंदींत उतार तीन मिनिटांना ०.०१ अंश आहे. दोन मिनिटं मागे, म्हणजे दीड मिनिटाजवळ, दोन्ही रेषा −०.२४ ला भेटतात. तोच खरा गोठणबिंदू.

अतिशीतन किती महागात पडतं याचा अंदाज सोपा आहे. पाणी एक अंश जास्त थंड झालं की ती तूट भरून काढायला सुमारे सव्वा टक्का पाण्याचा बर्फ होतो (४.१८ भागिले ३३४). चार अंश अतिशीतन झालं तर पाच टक्के पाणी गेलं, द्रावण पाच टक्के घट्ट झालं आणि घट ०.०१ अंशाने वाढली. यावर उपाय जुनाच आहे: अपेक्षित बिंदूच्या अर्धा-एक अंश खाली गेल्यावर डिस्टिल्ड पाण्याच्या बर्फाचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा नळीत टाका. स्फटिक लगेच धरतो.

गणित

घट = (−०.०३) − (−०.२४) = ०.२१. आता पुढचं:

```
M (दिसणारं) = (Kf × w2 × 1000)/(ΔTf × w1)
            = (1.86 × 1.50 × 1000)/(0.21 × 100)
            = 132.9

i = 150.09/132.9 = 1.13
α = (1.13 - 1)/(2 - 1) = 0.13
```

i काढताना खरं वजन वर, दिसणारं खाली. हे पाठ करण्यापेक्षा उत्तर तपासा: तुटणाऱ्या पदार्थाचा i एकापेक्षा मोठाच यायला हवा. ०.८९ आला तर भागाकार उलटा झाला. थेट मार्गानेही जाता येतं. मोलॅलिटी ०.१, म्हणून न तुटता घट ०.१८६ हवी होती, आली ०.२१, भागाकार १.१३.

शंभरातले तेरा रेणू तुटले. इथे परीक्षेतलं उत्तर संपतं, पण आपलं काम इथून सुरू होतं.

थर्मामीटर ०.०१ अंशापर्यंतच दाखवतो, म्हणून घट ०.२० ते ०.२२ मध्ये कुठेही असू शकते. ०.२० धरली तर α = ०.०८. ०.२२ धरली तर α = ०.१८. एक शतांश इकडे-तिकडे झाला की उत्तर दुपटीच्या वर फिरतं! कारण α हा i मधून १ वजा करून उरतो. १.१३ हा आकडा पाच टक्क्यांपर्यंत बरोबर असला तरी त्यातून १ गेल्यावर उरलेल्या ०.१३ मध्ये ती सगळी चूक जशीच्या तशी बसलेली असते. दिवाळीला बोनस कळावा म्हणून वर्षभराचा सगळा पगार अंदाजे मोजून त्यातून मूळ पगार वजा करण्यासारखं आहे हे.

हिशोबात मांडायचं तर α मधली चूक म्हणजे तापमानातली चूक भागिले (Kf × मोलॅलिटी). ०.१ अंश दाखवणाऱ्या साध्या काचेच्या थर्मामीटरने α मधली चूक ०.५४ होते, म्हणजे तो प्रयोग करूच नये. याच कारणासाठी बेकमानने १८८८ च्या सुमारास पाच-सहा अंशांचाच पट्टा असलेला, पण शतांशाच्या खुणा असलेला खास थर्मामीटर बनवला होता.

आणि म्हणून वर आम्ही −०.२५ ऐवजी −०.२४ साठी एवढी पट्टी चालवली. −०.२५ घेतलं असतं तर α ०.१८ आला असता.

मग द्रावण घट्ट करून चूक कमी का करू नये? काही अंशी करता येते. ०.५ मोलॅलिटीला α मधली चूक ०.०१ वर येते, पण दुर्बल आम्ल घट्ट द्रावणात कमी तुटतं, त्यामुळे α सुद्धा ०.०४-०.०५ वर उतरतो. तरीही शेकडेवारीत फायदा आहे. अडचण अशी की घट्ट द्रावणात Kf × मोलॅलिटी हा साधा नियमच ढळायला लागतो आणि त्याचं ढळणं α एवढंच मोठं असू शकतं. मी ०.१ ते ०.२ च्या पुढे जात नाही. त्याऐवजी तोच प्रयोग पाच वेळा करून सरासरी घेतो.

एक पडताळा मात्र नक्की करा. α वरून आम्लाचा विचरण स्थिरांक काढता येतो:

```
Ka = mα²/(1 - α) = 0.1 × 0.0169/0.87 = 0.0019
```

पुस्तकातला आकडा सुमारे ०.००१ आहे. आपला जवळजवळ दुप्पट. पण α ची मर्यादा ०.०८ ते ०.१८ धरली तर Ka ०.०००७ ते ०.००४ मध्ये पडतो आणि पुस्तकाचा आकडा त्यात बसतो. शिवाय पुस्तकातला २५ अंशांचा आहे, आपला शून्याजवळचा. वहीत "α = ०.१३ ± ०.०५" असं लिहिणाऱ्या पोराला मी पैकीच्या पैकी देतो. "०.१२९०" लिहिणाऱ्याला बोलावून घेतो.

पोटॅशियम क्लोराइड पूर्ण तुटतं की नाही?

हा प्रश्न मागच्या वर्षी उदगीरहून येणाऱ्या एका मुलीने विचारला आणि तो टाळण्यासारखा नाही. ०.१ मोलॅलिटीच्या पोटॅशियम क्लोराइडचा i पाण्यात १.८५ येतो, म्हणून सूत्राने α ०.८५. पण अकरावीत तर शिकवलं की हे मीठ पाण्यात पूर्णच तुटतं.

अऱ्हेनियसने १८८७ मध्ये विचरणाची कल्पना मांडली तेव्हा त्याने असेच गोठणबिंदूचे आकडे घेतले, विद्युतवाहकतेवरून काढलेल्या α शी ताडून पाहिले आणि ते जुळले. दुर्बल आम्लांसाठी ते आजही जुळतं. तीव्र विद्युत अपघटनींच्या बाबतीत मात्र अर्थ बदलला. तिथे आयन सगळे सुटेच असतात, पण धन-ऋण आयन एकमेकांना ओढत असल्याने पूर्ण स्वतंत्र वागत नाहीत, आणि पाण्याला डोकी कमी असल्यासारखी दिसतात. द्रावण पातळ केलं की ही ओढ कमी होते: पोटॅशियम क्लोराइडचा i ०.०१ ला १.९४ आणि ०.००१ ला १.९८. मॅग्नेशियम सल्फेटच्या आयनांवर दुहेरी भार, म्हणून ओढ जबर, ०.१ ला त्याचा i फक्त १.२१.

तेव्हा परीक्षेत मिठाचा α विचारला तर सूत्राने काढा, गुण मिळतील. पण त्याला "दिसणारं विचरण" समजा. ०.८५ म्हणजे शंभरातले पंधरा पोटॅशियम क्लोराइडचे रेणू अखंड फिरताहेत, असा अर्थ काढू नका. आणि पोटॅशियम सल्फेटसारख्या मिठात n = 3 हे विसरू नका. ०.१ ला त्याचा i २.३२ आहे; n दोन घेतला तर α १.३२ येतो. α एकाच्या वर गेला की n चुकला किंवा नोंद चुकली, तिसरी शक्यता शोधू नका.

उलटा प्रकार: जोड्या जुळतात तेव्हा

बेन्झीनमध्ये बेन्झॉइक आम्लाचे रेणू हायड्रोजन बंधाने दोन-दोन जुळतात. १०० रेणूंपैकी ९० जुळले तर ४५ जोड्या आणि १० एकटे, एकूण ५५ डोकी. कण घटले, घट कमी, दिसणारं वजन जास्त. सूत्र:

```
i = 1 - α(1 - 1/n)
```

बेन्झीन कर्करोगकारक आहे, म्हणून हा प्रयोग आम्ही करत नाही, नुसता आकड्यांवर सोडवतो. समजा ०.६१ ग्रॅम बेन्झॉइक आम्ल (मोलर वस्तुमान १२२) ५० ग्रॅम बेन्झीनमध्ये आहे आणि घट ०.२७ आली. बेन्झीनचा Kf ५.१२, मोलॅलिटी ०.१, अपेक्षित घट ०.५१२. म्हणून i = ०.५२७, दिसणारं वजन २३१. n = 2 धरून α = २ × ०.४७३ = ०.९५.

इथे एक जागा आहे जी बहुतेक गणितांत झाकलेली असते. n = 2 हे या एका नोंदीतून आलेलं नाही, आपण धरलं आहे. याच i ला तीन-तीनचे घोळके धरले तर α ०.७१ येतो, आणि तोही एकाच्या आत असल्याने काहीच खटकत नाही. खरं काय ते ठरवायला द्रावण घट्ट करत पाच-सहा नोंदी घ्याव्या लागतात. दिसणारं वजन वाढत जाऊन १२२ च्या दुपटीपाशी, २४४ जवळ, थांबू लागलं तर जोड्या. ते २४४ ओलांडून सरळ पुढे गेलं तर मात्र जोडीपेक्षा मोठं काहीतरी जुळतंय, आणि n = 2 घालून काढलेला α खोडून पुन्हा बसावं लागतं.